आंघोळीचे देव, दर्शनाचे देव

मिनिटभराचा व्हिडिओ असतो. कॅमेरा समोर, एका जागी खिळलेला. भिंतीवर ठोकलेली प्लायवूडची फळी किंवा खाली पाट. दोन हात येतात आणि लाल कापड अंथरतात. खाली अक्षरं उमटतात : ‘आधी कापड अंथरा’. मग ‘मोठे देव मागे, लहान पुढे’. मग ‘दिवा उजवीकडे’, ‘फुलं ताजी घ्या’, ‘निरंजन शेवटी लावा’. बोलणं नाही, नुसतं बासरीचं संगीत, आणि तेही बंद करून पाहिलं तरी काही अडत नाही. महाळुंग्यात ते बऱ्याचदा बंदच असतं. चाकण औद्योगिक वसाहतीच्या कडेला उभ्या राहिलेल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो, आणि पहिल्यांदाच स्वतःचं घर मांडणारी त्याची बायको त्याच खोलीत देवघर लावत असते. आवाज करून चालत नाही. छोट्या ओळींचं हे शिक्षण अशा खोलीला नेमकं बसतं.

या व्हिडिओतली मांडणी पाहणाऱ्याला फार जुनी वाटते. तिच्यातल्या एकेका वस्तूचा माग काढत गेलं तर कळतं, की वस्तू वेगवेगळ्या वाटांनी आल्या आहेत आणि मांडणीची ही तऱ्हा, म्हणजे समोरून बघायची, मागे उंच पुढे ठेंगणी, ही त्यांतल्या बऱ्याच वस्तूंपेक्षा नवी आहे.

जुना देव्हारा बघण्यासाठी नव्हता. तो धुण्यासाठी होता. घाटावरच्या शेतकरी, धनगर, मराठा, माळी, सोनार अशा असंख्य घरांत देव म्हणजे टाक. चांदीचा पातळ पत्रा पितळेच्या किंवा काशाच्या ठशावर ठेवून ठोकायचा, म्हणजे आकृती उठून येते. पाठीला बहुधा तांब्याचा पत्रा, मध्ये लाखेसारखं भरण. तळहातात मावेल एवढा, डोक्याकडे कमानीसारखा निमुळता. त्यावर घोड्यावरचा खंडोबा आणि शेजारी म्हाळसा, नाहीतर भवानी, जोतिबा, आणि घराण्यात कुणी लढाईत किंवा अकाली गेला असेल तर त्याचा वीर. हे टाक देव्हाऱ्यात एका ताटलीत असत. रोज उचलायचे, ताम्हनात घ्यायचे, पाणी घालायचं, पुसायचे, गंध लावायचं, परत ठेवायचे. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं खंडोबाचं नाक आणि घोड्याचे पाय झिजून सपाट होतात. मग सोनाराकडे नेऊन तोच देव नवा घडवून घेतात आणि कुलदैवताच्या ठाण्याला नेऊन भेटवून आणतात. खेड तालुक्यातल्यांना त्यासाठी जेजुरीच गाठावी लागते असं नाही. निमगावचा खंडोबा जवळ आहे.

टाक कोणत्या क्रमानं ठेवायचे हे प्रत्येक घराचं वेगळं. कुठे खंडोबा मधे, कुठे आई मधे. ते सासू सुनेला हातानं दाखवत असे. सांगण्यासारखं त्यात थोडंच होतं, कारण देवघर घरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात आधीपासूनच होतं. सुनेला ते मांडायचं नसे, सांभाळायचं असे. ‘देवघर कसं मांडावं’ हा प्रश्न पडायलाच आधी घर सुटावं लागतं.

ब्राह्मणी घरांत दुसरी वाट होती, पंचायतनाची. विष्णू, शिव, गणपती, सूर्य आणि देवी असे पाच देव. मूर्ती असल्या तर मूर्ती, नाहीतर पाच दगड : गंडकीतला शाळिग्राम, नर्मदेतला बाण, शोण नदीतला तांबडा शोणभद्र गणपतीचा, सूर्याचा स्फटिक आणि देवीची धातूची झाक असलेली शिळा. घराची उपासना ज्याची तो मधे, उरलेले चार कोपऱ्यांना. कोणाच्या कोपऱ्यात कोण हे ठरलेलं आहे आणि लक्षात राहावं म्हणून त्याचा एक श्लोकही पाठ करत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला, त्या परंपरेतल्या ग्रंथांतून ही माहिती पुढे छापून मराठीत घरोघर गेली.

इथे जरा थांबतो, कारण आजच्या व्हिडिओंत सगळ्यात जास्त घोटाळा दिशांचाच आहे. समजा विष्णू मधे आहे. मग ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी. आता ईशान्य म्हणजे कुठली? व्हिडिओ म्हणतो, मोबाइलवरचं होकायंत्र काढा. महाळुंग्यातल्या खोलीत तसं केलं तर ईशान्येला मोरी निघते, पूर्वेला दार आणि उत्तरेला घरमालकाची सामाईक भिंत, जिच्यावर खिळा ठोकायची परवानगी नसते. पूजाविधीच्या ग्रंथांनी हा प्रश्न फार आधी सोडवून ठेवलाय. देव आणि पूजा करणारा यांच्या मधली जी बाजू, ती पूर्व समजायची. बस. म्हणजे आपण देवासमोर बसलो की आपल्याकडची कड पूर्व, आपला उजवा हात उत्तर, डावा दक्षिण, आणि देवाच्या पाठीमागची भिंत पश्चिम. शिव आपल्या जवळ उजवीकडे येतो, गणपती जवळ डावीकडे, सूर्य मागे डावीकडे, देवी मागे उजवीकडे. खोली कशीही फिरवा, मांडणी चुकत नाही. पाचही जण एका बशीत मावतात आणि त्यांच्यातला एकही ‘मोठा मागे’ नसतो. ही मांडणी वरून पाहिली तर कळते, समोरून पाहिली तर नुसते पाच दगड दिसतात. कॅमेऱ्याला ती आवडण्याचं काही कारण नाही.

मग समोरून बघण्याचा देव आला कुठून? महाळुंग्याहून तळेगावमार्गे लोणावळ्याकडे निघालं की वाटेत मळवली लागतं. कार्ले-भाज्याची लेणी बघायला जाणारे तिथे लोकलमधून उतरतात. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत गिरगावात काढलेला छापखाना शतक संपता संपता या मळवलीत आला. जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी तो पुढे 1903 च्या सुमारास विकत घेतला. दगडावरची छपाई ती, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच चित्रासाठी तोच कागद पुन्हा पुन्हा दगडावर जाई आणि रंग जरा सरकला तर लक्ष्मीच्या ओठांची लाली गालावर येई. त्याच्याही आधी पुण्यात 1878 मध्ये चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली होती. तिथूनही रामपंचायतनासारखी रंगीत चित्रं निघाली. पण घरोघरच्या भिंतीवर लक्ष्मी कमळावर उभी राहिली आणि सरस्वती वीणा घेऊन बसली ती प्रामुख्यानं रविवर्म्यांच्या वळणाची.

या चित्रांनी पूजेतलं काय बदललं हे फारसं बोललं जात नाही. सोळा उपचारांची यादी घ्या. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं. इथपर्यंतचं बहुतेक सगळं पाण्याचं आणि अंगावर घालण्याचं आहे. काचेतल्या कागदावर त्यातलं काही होत नाही. तसबिरीला आंघोळ घातली की आठवड्यात कागदाला बुरशीसारखे डाग पडतात, चौकटीतून ओल आत शिरते आणि रंग काचेला चिकटतो. त्यामुळे तसबिरीची पूजा सुरू होते ती मधूनच, गंधापासून. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. ही पंचोपचार पूजा शास्त्रात आधीपासूनच होती, घाईतल्या माणसासाठी सांगितलेली. तसबिरीनं तीच रोजची केली. देवाचं ताम्हन मागे पडलं आणि देवासमोरची जागा मोठी झाली, कारण उरलेले पाचही उपचार समोर ठेवण्याचे किंवा समोर ओवाळण्याचे आहेत. आणि समोर ठेवायचं तर मागचा दिसायला हवा, म्हणून पायऱ्या आल्या. ‘मोठे मागे, लहान पुढे’ ही ओळ मला त्या पायऱ्यांचीच वाटते. शास्त्राशी तिचा संबंध नाही. गटाचा फोटो काढताना उंच पोरांना मागे उभं करतात, तेच हे.

रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलेल्यांत एक धुंडिराज गोविंद फाळके होते. छपाईतला हा माणूस 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आला. मुका चित्रपट. पडद्यावर आधी पाटी यायची, दोन-चार ओळींची, मग हलणारं दृश्य. ज्याला वाचता येई तो शेजारच्यांना वाचून दाखवी. आजच्या देवघराच्या व्हिडिओची जात शोधायची तर मला ती तिथे सापडते. दाखवणं हातांकडे, सांगणं पाटीकडे, आणि आवाज वगळला तरी अर्थ पोचतो. मधली कॅसेटची पिढी वेगळी होती. गुरुजी मिळेनात म्हणून गणेश चतुर्थीला पूजा सांगणारी कॅसेट लावायचे. तिच्यात ‘आता अक्षता वाहाव्यात’ म्हणून थांबायला जागा सोडलेली असे, पण अक्षता सापडेपर्यंत कॅसेट पुढच्या उपचारावर गेलेली असे आणि घरातलं पोरगं बटण दाबायला पळे. व्हिडिओत बोटानं मागे नेता येतं, एवढी सुधारणा खरी.

चित्रपटानं देवघराला एक माणूसही दिला. महाळुंग्यापासून देहू हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत विठ्ठल-रखुमाईशेजारी तुकोबा असतातच. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा. त्यात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते. त्यानंतरच्या कितीतरी तसबिरींमधल्या तुकोबांच्या चेहऱ्यात पागनीस डोकावतात. सतराव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकातल्या नटाचं नाक मिळालं आणि त्याला गंध लागलं. यात काही बिघडलं असं मला वाटत नाही. टाकावरच्या खंडोबाचा चेहरा तरी ठसा कोरणाऱ्यानं कुणाला पाहून काढला असेल?

फुलांकडे वळलं तर आणखी गंमत आहे. ‘फुलं ताजी घ्या’ म्हणताना व्हिडिओत हमखास दिसतो तो झेंडू, पिवळा आणि नारिंगी. तो मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचलेला. निशिगंधही तिकडचाच. देवळापुढचा खुरचाफा अमेरिकेतला, शेवंती चीनकडची. पंचायतनाचे नियम पक्के करणाऱ्यांच्या आधीच्या पिढ्यांना यांतली अमेरिकेकडची फुलं ठाऊक नव्हती, म्हणून कोणतं कोणाला चालतं, कोणतं चालत नाही, याच्या जुन्या याद्यांत ती सापडत नाहीत. त्या याद्या बेल, तुळस, दूर्वा, केतकी यांच्याभोवती फिरतात. शंकराला केतकी नको, गणपतीला एरवी तुळस नको. झेंडूवर कुणी बंदी घातली नाही आणि कुणी तो सांगितलाही नाही. तो टिकतो, स्वस्त मिळतो आणि दोन दिवस रंग सोडत नाही म्हणून आला आणि राहिला. दसऱ्याला महाळुंग्यातल्या कारखान्यांत लेथला, प्रेसला आणि फोर्कलिफ्टलाही त्याचेच हार पडतात. खोलीतल्या फळीवर मात्र तो जपून वापरावा लागतो. हाराचे देठ ओले असतात, ते प्लायवूडवर राहिले की कड फुगून पापुद्रे सुटतात. फुलं एका वाटीत ठेवली आणि रात्री काढून टाकली की फळी वाचते.

दिव्याच्या ओळीबद्दल मला तक्रार आहे. ‘दिवा उजवीकडे’ म्हणजे कुणाच्या? परंपरेत तुपाचा दिवा देवाच्या उजवीकडे आणि तेलाचा डावीकडे सांगतात. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, म्हणजे देवाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. तुपाचं निरंजन आपल्या डाव्या हाताला, तेलाची समई उजव्या. त्यातून व्हिडिओ मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं घेतला असेल तर काही वेळा चित्र आरशातल्यासारखं उलटतं आणि समई बाजू बदलते. ओळखायची खूण सोपी आहे. कॅलेंडरवरची किंवा उदबत्तीच्या पुड्यावरची अक्षरं उलटी दिसतात का बघा. खालची ओळ नंतर चढवलेली असते, ती सुलटच राहते, त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही.

पण बाजूपेक्षा उंची महत्त्वाची, आणि ती कोणताच व्हिडिओ सांगत नाही. जुन्या वाड्यात दिवा दगडी देवळीत असे किंवा जमिनीवर. काळं झालं तर दगड काळा होई. आता तो दोन फळ्यांच्या मधे, सनमायका चढवलेल्या लाकडाखाली जळतो. वरची फळी हात-दीड हात उंच नसेल तर महिन्याभरात तिच्या पोटाला तपकिरी वर्तुळ पडतं. ते दिसलं की दिवा पुढच्या कडेला किंवा खाली पाटावर आणायचा, आणि शेजारी पडदा असेल तर तो बांधून ठेवायचा. वात धूर करत असेल तर ती काठाबाहेर जास्त आलेली असते. थोडंसंच टोक बाहेर हवं. ज्योत तडतडत असेल तर वातीत किंवा तेलात पाणी गेलंय. समई धुवून ओलीच लावली की हे होतंच. निरंजनात चमचाभर तूप आणि एक फुलवात घेतली तर ती थोड्या वेळात आपली आपण शांत होते, आणि पाळीची बस गाठायची असलेल्याला तेच बरं. भरलेली समई मागे ठेवून खोलीला कुलूप लावू नये. गॅसची शेगडी त्याच दहा बाय दहात असते.

आता व्हिडिओत जे कधीच दिसत नाही ते. नांदेड, लातूर, बीडकडून इथे आलेल्या कुटुंबाच्या फळीवर काय असतं? बाजारातून आणलेली गणपतीची छोटी मूर्ती, लग्नात माहेराहून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, तुळजाभवानीची तसबीर, किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरातून कापून चौकटीत बसवलेले खंडोबा नाहीतर बालाजी. टाक नसतात. टाक गावाला असतात, थोरल्या भावाकडे. वाटणी झाली नाही तोवर देव एका ठिकाणी राहतात, आणि धाकटा कितीही वर्षं चाकणला राहिला तरी त्याची खोली देवांच्या हिशेबात अजून घर झालेली नसते. सणाला तो गावी जातो, तिथे टाकांना आंघोळ होते. इथल्या फळीवरची मांडणी म्हणूनच सगळ्यांची सारखी दिसते. जे घराघराचं वेगळं होतं ते गावी राहिलं, आणि बाजारात मिळतं ते सगळ्यांना सारखंच मिळतं. व्हिडिओवाल्यांचा यात दोष नाही. ज्या वस्तू कोणाच्याही घरात असू शकतात त्यांचीच मांडणी त्यांना सर्वांसाठी दाखवता येते. खंडोबाचा टाक भवानीच्या डावीकडे की उजवीकडे, हे ते सांगू लागले तर निम्म्या बघणाऱ्यांच्या घरातून भांडण येईल.

मग काही वर्षांनी धाकटा कर्ज काढून फ्लॅट घेतो, चाकणला, मोशीला, कुठेही. भाऊ एकमेकांशी बोलतात आणि नवे टाक घडवायचं ठरतं. चांदी किती घालायची यावर एक बैठक होते. टाक गावच्या ठाण्याला भेटवून आणले जातात. फ्लॅटमध्ये संगमरवरी देवघर बिल्डरनंच दिलेलं असतं, मागे दिवा लावलेली जाळी, तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांवर टाक उभे राहत नाहीत. टेकू दिला तरी घसरतात. त्यांना आडवं ठेवायला ताटली हवी, आणि रोज उचलून ताम्हनात घ्यायला पुढे हातभर सपाट जागा. आठवडाभरात घरची बाई खालची पायरी रिकामी करते. मूर्ती एक पायरी वर सरकतात, तसबिरी भिंतीला जातात, तळाशी टाकांची ताटली येते. समई त्यांच्या पाण्याच्या वाटेत येत नाही अशी कडेला जाते. आंघोळीचं पाणी मोरीत ओतायचं नाही, ते गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीला.